सर्व्हरबरोबर लॉगही गेले तर?

गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे वजा झाले, पण ऑर्डर नोंदली गेली नाही. चौघांच्या टीमकडे तीन सर्व्हर, आणि ही ऑर्डर त्यांपैकी कुठे अडली ते कोणालाच ठाऊक नाही. सर्व्हर आपल्या प्रत्येक कामाची वेळेसकट नोंद फाइलमध्ये ठेवतो, तोच लॉग. त्यात शोधायला एवढं पुरतं:

```
for h in web1 web2 web3; do
  ssh $h "zgrep -h ORD-4821 /var/log/app/app.log*"
done | sort
```

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असेल, तर तिन्ही सर्व्हरवरच्या नोंदी क्रमाने समोर येतात. केन थॉम्पसन यांनी १९७३च्या सुमारास लिहिलेला `grep` आजही हे काम चोख करतो. मात्र सर्व्हरची घड्याळं जुळलेली हवीत, नाहीतर बँकेचं उत्तर विनंतीच्या आधीच आलेलं दिसतं. ऑर्डर क्रमांकही प्रत्येक ओळीत हवा. या दोन गोष्टी नसतील, तर महागडी यंत्रणा आणूनही गोंधळ तोच राहील.

मग लॉग एका जागी आणायचे कधी? बहुतेक जण लॉग किती जीबी झाले ते मोजतात. खरं तर विचारायला हवं ते वेगळंच: web2 या क्षणी नाहीसा झाला, तर त्याचे लॉग कुठे असतील? गर्दी ओसरल्यावर सर्व्हर आपोआप काढून टाकले जात असतील, किंवा ॲप कंटेनरमध्ये चालत असेल, तर पुरावा रात्रीतच पुसला जातो. घुसखोरही आत शिरला की आपल्या खुणा असलेल्या ओळी आधी पुसतो. अशा ठिकाणी `grep` कितीही वेगवान असला तरी शोधायला काही उरतच नाही.

भारतात कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे असतात. उबुंटूवर एनजिनएक्सच्या जुन्या फाइली मात्र, सेटिंग बदललं नाही तर, साधारण १४ दिवसांतच पुसल्या जातात.

तरीही लगेच इलास्टिकसर्चकडे धाव घेण्याची गरज नाही. तो सांभाळणं हे चौघांच्या टीमसाठी स्वतंत्र कामच होऊन बसतं. मधला मार्ग बहुतेकांना पुरतो: एक वेगळं मशीन घ्यायचं आणि तिन्ही सर्व्हरवरच्या आरसिसलॉगला लॉग तिकडे धाडायला सांगायचं.

```
*.* @@10.0.0.5:514
```

दोन `@` म्हणजे टीसीपी. ॲप थेट फाइलमध्ये लिहीत असेल, तर ती फाइल वाचण्यासाठी `imfile` मॉड्यूलही लावावं लागतं. शोध पुढेही `grep`नेच, फक्त आता एकाच मशीनवर.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. मधलं मशीन बंद पडलं की, डिस्कवर रांग लावलेली नसल्यास, त्या काळातल्या ओळी हरवतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून नवी मांडणी झाली की ते मशीन मुद्दाम दहा मिनिटं बंद ठेवावं, त्या वेळात एक खोटी ऑर्डर टाकावी आणि मशीन परत सुरू झाल्यावर तिचा क्रमांक तिथे सापडतो का ते पाहावं.