एस्प्रेसोमागचं यंत्र (भाग ७) : बास्केटचा तळ आणि भिंत

मागच्या भागात दळणाचा बारीकपणा आणि शॉटला लागणारा वेळ यांचं नातं पाहिलं. दळण तेच, कॉफीचं वजन तेच, यंत्राचा दाबही तोच, आणि तरी नुसती बास्केट बदलली की कॉफी भराभर उतरू लागते, हे त्या हिशेबात बसत नव्हतं. साध्या बास्केटमध्ये १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो उतरायला समजा २८ सेकंद लागत असतील, तर तेच दळण प्रिसिजन बास्केटमध्ये घातल्यावर कप पुष्कळदा काही सेकंद आधीच भरतो. वेळ पुन्हा जुळवायचा तर दळण बारीक करावं लागतं. २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हीएसटी या अमेरिकी कंपनीने अशा बास्केट बाजारात रुजवल्या. प्रत्येक बास्केटची भोकं यंत्राने मोजून तपासलेली, हे त्यांचं वैशिष्ट्य. पुढे इटलीची आयएमएस, ऑस्ट्रेलियाची पुलमन अशा कंपन्याही या क्षेत्रात आल्या. त्यामुळे फरक पडतो तो भोकांच्या मापातल्या अचूकपणामुळे, असा समज झाला आहे. माझ्या मते मापाला आपण गरजेपेक्षा जास्त श्रेय देतो. भोकं तळावर कुठवर पसरली आहेत आणि भिंत सरळ आहे की आत कललेली, या दोन गोष्टी जास्त मोलाच्या आहेत.

आधी भोकांना किती जोर लागतो ते पाहू. ५८ मिलिमीटरच्या बास्केटला ०.३ मिलिमीटरची ७०० भोकं आहेत असं धरू. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ होतं सुमारे ५० चौरस मिलिमीटर, म्हणजे तळाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. एवढ्याशा वाटेने सेकंदाला दोन मिलिलिटर कॉफी जायची, तर प्रत्येक भोकातला वेग सेकंदाला चार सेंटिमीटरच्या घरात जातो. पत्रा पातळ असल्याने तेवढ्यासाठी लागणारा दाब दहा पास्कलच्या आसपास भरतो. यंत्र देतं ते नऊ बार, म्हणजे नऊ लाख पास्कल. थोडक्यात, मोकळं भोक पाण्याला अडवतच नाही. रिकामी बास्केट नळाखाली धरली की हे उघड दिसतं. अडवते ती कॉफीची दाबलेली चकती.

मग भोकांनी फरक पडतो तो कसा? चकतीतून पाणी सरळ खाली येतं, पण तळाशी सगळीकडे दार नाही. दोन भोकांमध्ये जवळजवळ दोन मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे शेवटच्या मिलिमीटरभर थरात पाण्याला आडवं वळून जवळच्या भोकाकडे गोळा व्हावं लागतं. जत्रेत मैदानभर पसरलेली गर्दी फाटकापाशी आली की शेवटच्या चार पावलांनाच दाटते, तसा हा प्रकार. बारा मिलिमीटर उंचीची, सर्वत्र सारखी दाबलेली चकती धरून गणित मांडलं, तर हे दाटणं मूळ चकतीच्या विरोधात आणखी चाळीसेक टक्क्यांची भर घालतं. प्रत्यक्षात ही भर याहूनही जास्त असू शकते, कारण अगदी बारीक कण पाण्याबरोबर खाली सरकून नेमके तिथेच साचतात.

आता मापाच्या अचूकपणाकडे येऊ. एकटं, मोकळं भोक दहा टक्क्यांनी रुंद केलं तर त्यातून, इतर सगळं सारखं असताना, जवळपास दीडपट पाणी जाईल. हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल की भोकं मायक्रॉनपर्यंत सारखी हवीत. पण कॉफी भरल्यावर भोक एकटं राहत नाही. वरच्या बारा मिलिमीटरचा अडसर तसाच असतो आणि भोक रुंद झाल्याने फक्त शेवटचं दाटणं थोडं हलकं होतं. त्याच गणितात दहा टक्के रुंद भोकातून जेमतेम तीन टक्के जास्त पाणी जातं. म्हणजे थोडंफार कमीजास्त माप चकती स्वतःच पचवते. तिला पचत नाही ते पूर्ण बुजलेलं भोक, कारण त्याच्या वाट्याच्या पाण्याला शेजारच्या भोकापर्यंत आडवं जावं लागतं. स्वस्त बास्केटमध्ये भोकांच्या कडेला राहिलेली धातूची कुसळं आणि सगळ्याच बास्केटमध्ये साचणारं कॉफीचं तेल या बुजण्याला हातभार लावतात.

या तर्काला भक्कम आधार मिळतो तो कागदाचा. बास्केटच्या तळाशी गोल फिल्टर कागद घातला की अडथळ्यात एका थराची भरच पडते, तरीही शॉट सहसा मंदावत नाही, उलट वेगाने उतरतो. कागदातून पाणी आडवं सहज सरकतं, बारीक कणही भोकावर बसत नाहीत, आणि चकतीचा सगळा तळ दार झाल्यासारखा होतो. भोकांचा स्वतःचा विरोध महत्त्वाचा असता तर असं घडलं नसतं.

कडेला मात्र प्रश्न जास्त गंभीर होतो. पुष्कळ साध्या बास्केटमध्ये भोकांचं वर्तुळ भिंतीच्या बरंच अलीकडे संपतं. ५८ मिलिमीटरच्या तळावर भोकं ४९ मिलिमीटरच्या वर्तुळातच असली, तर तळाचा २९ टक्के भाग आंधळा राहतो. त्यावरच्या कॉफीतलं पाणी मिलिमीटरभर नव्हे, चार-चार मिलिमीटर आडवं जातं. तिथे प्रवाह मंद, आणि कोपऱ्यातली कॉफी अर्धवट उतरलेली. भिंत खाली निमुळती होत गेली असेल तर तिच्यालगतचं पाणी वाटभर आत ढकललं जातं. शिवाय टॅम्पर एकाच उंचीवर नीट बसतो: कॉफी कमी घातली तर तो भिंतीला अडकतो, जास्त घातली तर कडेला फट राहते. सरळ भिंतीत टॅम्पर कुठल्याही उंचीवर सारखाच बसतो आणि भोकं कडेपर्यंत नेता येतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. इटलीतल्या कॅफेंमध्ये निमुळत्या बास्केटवर वर्षानुवर्षं उत्तम एस्प्रेसो निघते, त्याचं काय? एक तर तिथलं पारंपरिक भाजणं गडद असतं. अशी कॉफी पाण्यात सहज उतरते, म्हणून कडेची थोडी कसर चवीत खुपत नाही. हलक्या भाजणीत तीच कसर आंबट, पातळ चवीच्या रूपात समोर येते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुठल्याही भांड्यात भिंतीलगत कण सैल बसतात, त्यामुळे पाणी तिथून पळायला बघतं. तळाचं आंधळं कडं त्या पळणाऱ्या पाण्याला नकळत लगाम घालतं. प्रिसिजन बास्केटने तो लगाम काढून घेतला. त्यामुळे कडेची वाटणी आणि टॅम्पिंग ढिसाळ असेल तर तीच बास्केट साध्या बास्केटहून वाईट कॉफी देऊ शकते. ५८.५ मिलिमीटरच्या बास्केटमध्ये ५८ मिलिमीटरचा टॅम्पर वापरला, तर सभोवती पाव मिलिमीटरची न दाबलेली पट्टी राहते. हे क्षेत्र दोन टक्क्यांहून कमी भरेल, पण पाण्याला पळवाट म्हणून पुरेसं आहे.

हे सगळं बिनतळाच्या पोर्टाफिल्टरखाली डोळ्यांना दिसतं. आंधळं कडं असलेल्या बास्केटमध्ये थेंबांचं वर्तुळ लहान राहतं आणि त्याबाहेरचा पत्रा कोरडा. प्रिसिजन बास्केटमध्ये थेंब आधी फक्त कडेला उमटले आणि मधला भाग उशिरा ओला झाला, तर पाणी भिंतीलगत पळतं आहे. अशा वेळी दळण बारीक करू नये, त्याने विरोध मध्येच वाढतो आणि पळवाट आणखी रुंदावते. आधी भिंतीच्या मापाचा टॅम्पर घ्यावा, सुईच्या साधनाने कडेची कॉफी मोकळी करून सारखी पसरावी, मगच दळणाला हात लावावा. ठिपक्यांचा एखादा पट्टा दर वेळी त्याच जागी कोरडा राहत असेल, तर बास्केट काढून दिव्यासमोर धरावी. प्रकाश न येणारी भोकं तिथेच सापडली, तर एस्प्रेसो यंत्राच्या सफाईची पावडर गरम पाण्यात घालून बास्केट त्यात भिजवावी आणि पुन्हा दिव्यासमोर धरावी. तरीही भोकं बंदच राहिली तर मूळ छिद्रणच अर्धवट आहे आणि ती बास्केट बदलणं भाग आहे.