वर्ष १९५७, शिक्का १९६० नंतरचा

जमिनीच्या दाव्यासाठी एका वारसाने जुन्या फेरफाराची नक्कल मागितलेली असते. कारकून अभिलेख कक्षातला रुमाल सोडतो, तासगाव तालुक्यातल्या एका गावाचा गाव नमुना सहा बाहेर काढतो आणि नोंद क्रमांक ४१२ उघडतो. खरेदीची नोंद आहे, तारीख १४ मार्च १९५७. कागद पिवळा पडलाय, शाई विटलीय, क्षेत्र एकर-गुंठ्यांत आणि आकार रुपये-आण्यांत लिहिलाय. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, म्हणजे आणेही बरोबर. खाली मंजुरीची सही आणि गोल शिक्का. शिक्क्यावरची अक्षरे वाचताना मात्र तो थबकतो : ‘जि. सांगली’.

हा कारकून, हे गाव आणि ही नोंद काल्पनिक आहेत. पण त्याला ज्यामुळे शंका आली तो इतिहास खरा आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. तासगाव दक्षिण साताऱ्यात गेले. त्या जिल्ह्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले २१ नोव्हेंबर १९६० रोजी. मग मार्च १९५७ च्या मंजुरीवर सांगली जिल्ह्याचा शिक्का उमटलाच कसा?

अशा वेळी दिशा पाहावी लागते. १९६२ च्या कागदावर ‘दक्षिण सातारा’ दिसले तर बिघडत नाही. नवा शिक्का येईपर्यंत कचेऱ्या जुनाच वापरत राहतात. नवे नाव जुन्या तारखेवर दिसणे मात्र वेगळे. कचेरी मागे राहू शकते, पुढे जाऊ शकत नाही. रायगडच्या कागदांनाही हीच कसोटी लागते. १९८१ पूर्वी तो जिल्हा कुलाबा होता.

तरीही कारकून लगेच ‘बनावट’ म्हणत नाही. शिक्का नंतर पडण्याची सरळ कारणेही असतात. कागद मूळ नोंदवहीचा नसून पुढे दिलेली नक्कल असेल, तर शिक्का नक्कल देणाऱ्या कचेरीचा असतो आणि शेजारी नकलेची तारीख असते. नोंद १९५७ ची, पण मंजुरी रखडून १९६१ मध्ये झाली, असेही घडू शकते. मग सहीखाली १९६१ ची तारीख हवी. इथे वही मूळ आहे आणि सहीखालची तारीखही १९५७ चीच आहे. दोन्ही वाटा बंद होतात.

मग तो शेजार तपासतो. नोंद ४११ आणि ४१३ दोन्ही त्याच महिन्यातल्या, आणि दोन्हींवर ‘द. सातारा’. एकाच वहीत, एकाच महिन्यात मधलाच शिक्का वेगळा.

खरी परीक्षा पुढे आहे. तलाठ्याने लिहिलेली नोंद वरिष्ठाने मंजूर केली की तिचा क्रमांक सातबाऱ्यावर येतो आणि नव्या खातेदाराचे नाव लागते. म्हणून कारकून त्याच गटाचे १९५८ नंतरचे सातबारे काढतो. कित्येक वर्षे तिथे ना ४१२ हा क्रमांक आहे, ना खरेदीदाराचे नाव. वहीतले एक पान बदलणे एक वेळ जमेल. दरवर्षीच्या पीकपाहणीची पाने बदलणे फार अवघड.

एवढ्या खटाटोपाचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. शिवाय तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला, तर त्यावरची सही व हस्ताक्षर खरे आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. म्हणजे बनावट पान रुमालात शिरले की त्याला सरकारी ताब्याचेच पाठबळ मिळते.

कारकुनाला ती नोंद खोडण्याचा अधिकार नाही. कलम १५५ लेखनप्रमादाच्या दुरुस्तीपुरते आहे. बनावटीचा निवाडा त्यात बसत नाही. तो टिप्पणी लिहितो : नोंदीचा क्रमांक, शिक्क्यावरची नेमकी अक्षरे, शेजारच्या नोंदी, सातबाऱ्यांतला अभाव. ‘बनावट’ हा शब्द टाळून ‘विसंगती’ लिहितो आणि वही वरिष्ठांच्या ताब्यात देतो. हस्ताक्षर तज्ज्ञाची तपासणी, पोलीस तक्रार, दिवाणी न्यायालय हे त्यापुढचे टप्पे.

जुन्या जमिनीचा व्यवहार करणाऱ्याने एकट्या फेरफारावर विसंबू नये. त्या फेरफाराच्या आधीचे व नंतरचे सातबारे आणि शेजारच्या नोंदींच्या नकलाही मागाव्यात, आणि शिक्क्यावरचे जिल्ह्याचे नाव तारखेशी ताडून पाहावे.