पिळलेलं मनगट बारीक का होतं?

त्रिमितीय अ‍ॅनिमेशनमधलं पात्र म्हणजे वर बिंदूंच्या जाळ्याची त्वचा आणि आत हाडांचा सांगाडा. त्वचेचा कोणता बिंदू कोणत्या हाडामागे किती जाणार, हे त्याला दिलेल्या ‘वेट’वर ठरतं. कोपराकडचे बिंदू हाताच्या हाडाचे, मनगटापुढचे पंजाच्या हाडाचे आणि मधले दोघांच्या वाट्याचे. पात्राने तळवा उलटा केला, की नेमका हा मधला भाग गोळीच्या कागदाच्या पिळासारखा चिमतो.

दोष आहे सरासरीच्या रीतीत. समजा मनगटाची त्रिज्या ३ सेंटिमीटर आहे आणि पंजा १८० अंशांत फिरला. वरच्या बाजूचा एक बिंदू दोन्ही हाडांचा निम्मा-निम्मा आहे. हाताचं हाड म्हणतं, तू अक्षाच्या ३ सेंटिमीटर वर राहा. पंजाचं हाड म्हणतं, ३ सेंटिमीटर खाली जा. लिनिअर ब्लेंड स्किनिंग या दोन जागांची सरासरी काढतं आणि ती पडते थेट अक्षावर. त्या वेढ्यातल्या प्रत्येक बिंदूचं हेच होतं, म्हणून मनगटाची जाडी शून्य! पीळ ९० अंशांचा असला तरी त्रिज्या जेमतेम २.१ उरते. म्हणजे वेट कितीही निगुतीने रंगवले, तरी पीळ दोन हाडांत वाटला जातो तिथे हात बारीक होणारच.

लादिस्लाव काव्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली यावर ड्युअल क्वाटर्निअन स्किनिंग मांडलं. यात प्रत्येक हाडाचं फिरणं आणि सरकणं मिळून आठ आकड्यांत लिहितात. जागांऐवजी या हालचालींचीच सरासरी काढून तिची लांबी पुन्हा एकवर आणतात, त्यामुळे निघणारं उत्तरही खरीखुरी हालचालच असते. मगाचा बिंदू आता ९० अंश फिरून कडेला येतो, पण अक्षापासून ३ सेंटिमीटरवरच राहतो.

मात्र एकाच वळणाला आठ आकड्यांचे दोन संच लागू पडतात, एकमेकांच्या उलट चिन्हांचे. मिसळण्याआधी चिन्हं जुळवून घ्यावी लागतात, नाहीतर त्वचा लांबच्या वाटेने फिरते. जुळवल्यावरही पीळ १८० अंशांपलीकडे गेला, की जवळची बाजू बदलते आणि त्वचा एका फ्रेममध्ये उलटीकडे उडी मारते. हाडाचं ताणणं-आखडणं या आठ आकड्यांत मावत नाही. ते वेगळं हाताळावं लागतं.

शिवाय कोपर दुमडला की बाहेरची बाजू फुगते. म्हणून सगळ्या शरीराला एकच पद्धत लावू नये असं माझं ठाम मत आहे. मायामध्ये दोन्हींचं मिश्रण बिंदूगणिक रंगवता येतं: मनगटाला ड्युअल क्वाटर्निअन, कोपराला बरंचसं लिनिअर. ब्लेंडरमध्ये आर्मेचर मॉडिफायरचा Preserve Volume हा पर्याय ड्युअल क्वाटर्निअनचाच आहे.

गेम इंजिनला फक्त लिनिअर चालत असेल, तर कोपर ते मनगट पीळ वाटून घेणारी जादा हाडं घालतात. शेजारच्या दोन हाडांत ४५ अंशांचाच फरक ठेवला, तर ३ सेंटिमीटरची त्रिज्या सर्वांत वाईट जागीही २.८ च्या आसपास टिकते.