टायरच्या कडेवर काय लिहिलंय? पावसाळी रस्ते आणि योग्य टायर

चिपळूणच्या एका श्रोत्याने विचारलंय: रोज ऐंशी टक्के प्रवास डांबरी रस्त्यावर, शेवटचे दोन किलोमीटर लाल मातीचे, पावसाळ्यात चिखलाचे. टायर बदलायचेत, मग जाड गुट्ट्यांचे 'ऑल टेरेन' घ्यावेत का?

आधी जुन्या टायरची कड वाचू. त्यांच्या गाडीला लिहिलंय १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिम पंधरा इंची. ८८ हा भाराचा आकडा: एका टायरवर ५६० किलो. एच ही वेगाची मर्यादा, ताशी २१०. नव्या टायरचे शेवटचे दोन कमी चालत नाहीत, जास्त असले तर हरकत नाही.

आता एका छोट्या चौकटीत चार अंक शोधा. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. चौकट एकाच बाजूला असू शकते, म्हणून बसवण्याआधीच बघा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर स्वस्तात मिळत असेल, तर स्वस्ताईचं कारण तिथेच लिहिलेलं असतं.

मग ऑल टेरेन? माझं उत्तर नाही. ओल्या डांबरावर पकड येते ती मऊ रबर, बारीक चिरा आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या लांब खाचांमुळे. ऑल टेरेनच्या मोठ्या गुट्ट्या चिखल झटकतात, पण डांबराला कमी रबर टेकतं आणि ओल्यात ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. कडेवर 'एम प्लस एस' दिसलं तरी तो चिखलातल्या पकडीचा खात्रीचा दाखला नाही. ती बहुतेक नक्षीची ओळख असते. दोन किलोमीटर चिखल हळू गाडी चालवून निभावतो, घाटातल्या ओल्या वळणावर मात्र पकडच हवी. म्हणून तोच आकार, चार रुंद सरळ खाचांचा रोड टायर. चिखल रोज आणि लांबपर्यंत असेल, तर हिशेब बदलतो.

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण पाण्यात टायर त्याआधीच तरंगायला लागतो. तीन मिलिमीटरवरच बदला. गोटा होण्याची वाट बघू नका.

शेवटचं, महत्त्वाचं: दोनच टायर घेतलेत, तर नवे मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. टायरवाला पुढे बसवायला निघेल. पुढची चाकं घसरली तर गाडी वळणात सरळ जाते, हे स्टिअरिंगवर कळतं, वेग कमी करून सावरता येतं. मागची घसरली की गाडी गर्रकन फिरते, आणि सावरायला वेळच मिळत नाही.