दोन सहकारी बँका, तीन आकडे आणि एक भागाकार

ऑगस्ट-सप्टेंबर हे सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस. सभासदाच्या हाती अहवाल पडतो. पहिल्या पानांवर संचालकांचे फोटो आणि ठेवींच्या वाढीचे आलेख असतात, आणि बहुतेक जण लाभांशाचा आकडा बघून तो मिटून ठेवतात. बँकेची खरी प्रकृती मात्र मागच्या बारीक टाइपातल्या टिपांमध्ये असते. निव्वळ व्याज मार्जिन, एनपीए आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे सीआरएआर, हे तीन आकडे तिथे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार छापावेच लागतात.

एकाच शहरातल्या दोन बँका समजा. उदाहरण कल्पित आहे, पण आकडे मध्यम आकाराच्या नागरी बँकेला साजेसे घेतले आहेत. दोघींच्या ठेवी ५०० कोटी. व्याज मिळवून देणारी मालमत्ता, म्हणजे कर्जे आणि गुंतवणूक मिळून, दोघींची ५५० कोटी.

पहिल्या बँकेने वर्षभरात ४४ कोटी व्याज मिळवले आणि ठेवीदारांना २७.५ कोटी दिले. उरले १६.५ कोटी. त्याला ५५० कोटींनी भागले की मार्जिन येते ३ टक्के. दुसरीने ४९.५ कोटी मिळवले, २९.७ कोटी दिले, उरले १९.८ कोटी. मार्जिन ३.६ टक्के. ही बँक ठेवींवर व्याजही जरा जास्त देते. एवढ्यावरच निवड करायची तर दुसरीसमोर रांग लागेल.

पण जास्त मार्जिन आले कुठून, हे आधी विचारायला हवे. ठेवींवर जास्त व्याज देऊनही ज्या बँकेचे मार्जिन चांगले आहे, ती कर्जावर त्याहून जास्त व्याज आकारते हे उघड आहे. मग तिच्याकडे महागडे कर्ज घ्यायला कोण येतो? एखाद्या बँकेचा सोनेतारण किंवा छोट्या व्यापाऱ्यांच्या कर्जांवर हात बसलेला असतो आणि ती जास्त दर रास्तपणे मिळवते. पण अनेकदा ज्याला दुसऱ्या कुठल्याच बँकेने उभे केले नाही, तोच तो दर कबूल करतो.

म्हणून एनपीएकडे वळू. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकले की ते कर्ज अनुत्पादक ठरते, आणि त्यावरचे व्याज प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय उत्पन्नात धरता येत नाही. पहिल्या बँकेची कर्जे ३३० कोटी, त्यातली १३.२ कोटी थकीत, म्हणजे ढोबळ एनपीए ४ टक्के. या थकबाकीपोटी तिने ९.९ कोटींची तरतूद आधीच नफ्यातून बाजूला काढली आहे. उरतात ३.३ कोटी, आणि निव्वळ एनपीए साधारण १ टक्का. दुसरीची कर्जे ३५० कोटी, थकीत ३१.५ कोटी, म्हणजे ढोबळ ९ टक्के. तरतूद फक्त १२.५ कोटी, म्हणून १९ कोटी उघडे राहिले. निव्वळ एनपीए ५.६ टक्के. रिझर्व्ह बँकेची सुधारणात्मक कारवाई, अगदी लहान बँका सोडल्या तर, निव्वळ एनपीए ६ टक्क्यांच्या वर गेला की सुरू होते. ही बँक त्या रेषेच्या किंचित आत आहे.

या ठिकाणी मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवावा. ढोबळ एनपीएचे प्रमाण खाली आले तर वसुली झाली असेलच असे नाही. भागाकाराच्या खालची बाजू, म्हणजे एकूण कर्जे, भराभर वाढवली तरी टक्केवारी उतरते, कारण नवे कर्ज पहिल्या वर्षात सहसा थकत नाही. कधी जुनी थकबाकी निर्लेखित करून पुस्तकातून काढलेली असते. म्हणून टक्क्यांबरोबर कोटींचा आकडाही बघायचा.

आता भांडवल. बुडालेल्या कर्जाचा फटका आधी बँकेच्या स्वनिधीवर पडतो, आणि तो संपला की ठेवीदारावर. हा स्वनिधी जोखीमभारित मालमत्तेच्या किती टक्के आहे, ते सीआरएआर सांगते. सरकारी रोख्यांवर जोखीमभार जवळपास नसतो, विनातारण कर्जावर पूर्ण असतो. १०० कोटींच्या वर ठेवी असलेल्या बहुतेक नागरी बँकांना मार्च २०२६ पर्यंत हे प्रमाण किमान १२ टक्क्यांवर न्यायचे होते. पहिल्या बँकेकडे ३०० कोटींच्या भारित मालमत्तेला ४५ कोटी भांडवल आहे, म्हणजे १५ टक्के. दुसरीकडे ३४० कोटींना ४२ कोटी, म्हणजे १२.३५ टक्के. तीही उत्तीर्णच.

थोडक्यात, दुसरी बँक एकेका आकड्यात कुठेच नापास होत नाही. मार्जिन सरस, एनपीए मर्यादेत, भांडवल नियमात. तिचे दुखणे दिसते ते दुसरा आणि तिसरा आकडा एकमेकांना भिडवल्यावर. निव्वळ एनपीएला स्वनिधीने भागा. पहिल्या बँकेत ४५ कोटींवर ३.३ कोटींचे ओझे आहे, म्हणजे ७ टक्के. दुसरीत ४२ कोटींवर १९ कोटी, म्हणजे ४५ टक्के. उद्या पहिलीचे ३.३ कोटी पूर्ण बुडाले तरी तिचे सीआरएआर १४ टक्क्यांवर राहते. दुसरीचे १९ पैकी निम्मे बुडाले, तर ४२ चे ३२.५ कोटी होतात आणि सीआरएआर १० टक्क्यांच्या खाली घसरते. जास्तीच्या मार्जिनमधून तिला वर्षाला ३.३ कोटी मिळतात. तेवढ्यात साडेनऊ कोटींचा खड्डा भरायला तीन वर्षे लागतील, तेही त्या काळात आणखी एकही कर्ज थकले नाही तर.

हा खड्डा बाजारातून भांडवल आणून भरता येईल, असे सहकारी बँकेच्या बाबतीत धरून चालता येत नाही. तिचा शेअर दर्शनी किमतीलाच विकला जातो आणि त्याच किमतीला परत होतो. शिवाय बहुतेक ठिकाणी कर्जदारालाच कर्जाच्या प्रमाणात शेअर घ्यावे लागतात. म्हणून स्वनिधी वाढला असेल, तर तो नफ्यातून गंगाजळीत गेल्यामुळे वाढला, की इमारतीच्या पुनर्मूल्यांकनामुळे, ते अनुसूचीत तपासायला हवे. भिंतींची किंमत कागदावर वाढली म्हणून बुडीत कर्ज फिटत नाही.

हे सगळे गणित उभे आहे ते छापलेले आकडे खरे असतील या विश्वासावर. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने मार्च २०१९च्या अखेरीस ढोबळ एनपीए ३.७६ टक्के, निव्वळ २.१९ टक्के आणि सीआरएआर १२.६२ टक्के दाखवले होते. आपल्या दोन्ही बँकांपेक्षा तिचा ढोबळ एनपीए कमी होता. सहा महिन्यांच्या आत, २३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे अडकले होते आणि ते लपवायला हजारो बनावट खाती दाखवली होती.

इतकी उघड फसवणूक बाहेरच्या वाचकाला पकडता येत नाही, पण नेहमीची लपवाछपवी खुणा सोडते. मार्चअखेरीस जुन्या कर्जदाराला नवे कर्ज देऊन त्यातूनच त्याची थकबाकी भागवायची, ही जुनी क्लृप्ती. अशा बँकेत कर्जे फुगतात, एनपीए स्थिर दिसतो आणि ताळेबंदात येणे असलेल्या व्याजाची रक्कम वर्षागणिक वाढत जाते, कारण व्याज नावे पडते पण हाती येत नाही. लेखापरीक्षकाचे शेरे वाचावेत. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत एनपीए बँकेने दाखवल्यापेक्षा जास्त निघाला असेल आणि फरक ठराविक मर्यादेपलीकडे असेल, तर तोही टिपांमध्ये द्यावा लागतो. त्याच पानांवर सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जांचा किती हिस्सा आहे, तेही असते.

सभेत उठून दुसऱ्या बँकेच्या सभासदाने दोन गोष्टी विचाराव्यात: १९ कोटींच्या उघड्या थकबाकीला तारण काय आहे आणि त्याचे मूल्यांकन कोणत्या साली झाले; आणि या वर्षी लाभांश वाटण्याऐवजी ती रक्कम तरतुदीत का टाकली नाही. ठेवीदाराने तोवर आपली ठेव, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाखांच्या आत ठेवावी. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून तेवढी आहे, आणि ती एका व्यक्तीच्या त्या बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी एकत्र धरून मोजतात.