सीएमए इंटर : नोकरी सांभाळून आठवड्याला एक सराव पेपर कसा बसवाल?

हिंजवडी किंवा चाकणच्या कंपनीत अकाउंट्स सांभाळत सीएमए इंटर देणाऱ्यांनी आधी उत्तीर्णतेचा नियम पाहावा. प्रत्येक पेपरला किमान ४० गुण लागतातच. शिवाय ग्रुपच्या चार पेपरांत मिळून ५० टक्के, म्हणजे २०० गुण हवेत. समजा सराव पेपरांत ४२, ४४, ४६ आणि ४८ मिळाले. एकाही पेपरात नापास नाही. पण बेरीज १८०, म्हणून ग्रुप गेला. त्यामुळे सराव पेपरात ५५ गुणांचे लक्ष्य ठेवा.

आठवडा असा बसवा

रविवारी पूर्ण तीन तासांचा एक पेपर सोडवा. ३० गुणांच्या बहुपर्यायी प्रश्नांना ४० मिनिटे आणि १४ गुणांच्या पाच प्रश्नांना प्रत्येकी २६ मिनिटे द्या. तपासणीला १० मिनिटे उरतात.

सोमवारी आदर्श उत्तरे समोर ठेवून पेपर तपासा. गेलेला प्रत्येक गुण तीनपैकी एका रकान्यात लिहा : विषय येत नव्हता, आकडेमोड चुकली, वेळ संपली. पहिला रकाना मोठा असेल तर नवा पेपर न घेता तो धडा पुन्हा वाचा. तिसरा मोठा असेल तर बुधवार ते शुक्रवार रोज एक प्रश्न घड्याळ लावून सोडवा.

मंथ-एंडला काय?

महिनाअखेरीच्या क्लोजिंगच्या आणि जीएसटी विवरणपत्रांच्या आठवड्यात पूर्ण पेपर टाळा. फक्त दोन मोठे प्रश्न ५२ मिनिटांत सोडवा.