रागाच्या भरात लिहिलेलं निरोपाचं पत्र

राजीनामा दिला त्याच संध्याकाळी कुणी असा मजकूर लिहून ठेवला आहे, असं समजा:

“चार वर्षं या विभागासाठी रक्त आटवलं. साहेबांनी माझ्या कामाचं श्रेय लाटलं, प्रवासाच्या बिलांत पैसे खाल्ले. माझा मार्चचा इन्सेंटिव्ह अजून अडवून ठेवलाय. उरलेल्यांनीही वेळीच बाहेर पडावं. लेखा विभागाने मात्र कायम साथ दिली.”

सगळ्यात आधी ‘टू’च्या चौकटीतले पत्ते काढून टाका आणि मजकूर ऑफिसच्या मेलमधून स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. मग प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे वाचून कोण काय करू शकेल?

इन्सेंटिव्हचं काम एचआरचं आहे. त्यासाठी महिना, रक्कम आणि मंजुरीच्या मेलची तारीख देऊन वेगळा मेल लिहा, आणि फुल अँड फायनल हिशेबात ही रक्कम धरायला सांगा. सगळ्या ऑफिसला ते सांगून पैसे लवकर येत नाहीत.

बिलांचा आरोप सगळ्यात जोखमीचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कलमात एक अपवाद आहे: ज्याला त्या माणसावर कायदेशीर अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. दोनशे सहकाऱ्यांना पाठवलेल्या निरोपाला हा आसरा मिळणं कठीण. बिलांच्या प्रती हाती असतील तर कंपनीच्या दक्षता किंवा ऑडिट विभागाकडे जा. नुसता संशय असेल तर ते वाक्य वहीतच राहू द्या.

श्रेयाचं आणि ‘बाहेर पडा’चं वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. ती खोडताना मात्र एक चूक हमखास होते. राग टोमण्यात लपतो: “कसं वागू नये, हेही इथे शिकलो.” मजकूर मोठ्याने वाचा, ज्या वाक्यावर आवाज चढतो, ते काढा. उलट टोकालाही जाऊ नका. साहेबांचे खोटे आभार नकोत, आणि “माझी काहीही तक्रार नाही” असं तर मुळीच लिहू नका. पुढे थकबाकी मागताना तेच वाक्य तुमच्यासमोर ठेवलं जाईल. ज्याच्याबद्दल चांगलं लिहिता येत नाही, त्याचा उल्लेख टाळला की पुरे.

उरतं ते एवढं:

“चार वर्षं या विभागात काम केलं. मार्चअखेरच्या गर्दीतही लेखा विभागातल्या सहकाऱ्यांनी माझी बिलं थांबू दिली नाहीत, ते लक्षात राहील. माझी कामं कुणाकडे दिली आहेत, ती यादी सोबत जोडली आहे. माझा वैयक्तिक नंबर खाली आहे.”

हा मेल राजीनाम्याच्या दिवशी पाठवू नका. नोटीस पिरियडच्या शेवटच्या दिवशी, रिलीव्हिंग लेटर हाती आल्यावर पाठवा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात.